पश्चिमेच्या भिंतीवरचा पांढरा चौकोन

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या पश्चिमेच्या भिंतीवर, पाचव्या मजल्याच्या उंचीला, एक पांढरा चौकोन आहे. बाकी सगळी इमारत करडी. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, तिथे लीकेज होतं का? मी सांगते, लीकेज नाही, ते माझं भांडण आहे. लोकांना वाटतं म्हातारी विनोद करतेय. मी विनोद करत नाही.

ती भिंत पूर्वी उन्हात नव्हती. शेजारी तीन मजली जुनी बिल्डिंग होती, तिच्या आवारात पर्जन्यवृक्ष, आणि त्याच्या फांद्या आमच्या सहाव्या मजल्यापर्यंत आलेल्या. रिडेव्हलपमेंट आली, बिल्डिंग गेली, आणि झाड एका सकाळी करवतीने कापून ट्रकमध्ये भरून नेलं. मग खड्डा खणला, पत्रे लावले, आणि बिल्डरचं कुठेतरी अडकलं म्हणून काम तसंच पडून राहिलं. आमच्या वाट्याला उरलं ते दुपारी एकपासून डोंगराआड जाईपर्यंतचं अख्खं ऊन. जुहू-पार्ल्याकडे संध्याकाळी समुद्राचा वारा येतो. आमच्याकडे पोचेपर्यंत तो दमलेला असतो.

त्या भिंतीला लागून माझ्या सासूबाईंची खोली होती. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यावर त्या पलंगाला खिळल्या, आणि पलंग ठेवायला जागा होती ती एवढीच: एका बाजूला दार, एका बाजूला कपाट, आणि डोक्याशी ती भिंत. दमा जुना. एसी लावला की तासाभरात खोकल्याची उबळ यायची आणि मग ती थांबायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एसी नको, पण उकाडाही नको, या वयात उकाडा सोसवत नाही. म्हणजे नक्की काय हवं, ते देव जाणे. पंखा लावला की भिंतीची गरम हवाच अंगावर यायची.

त्यांची तक्रार दुपारी नसायची, आणि लोकांना हेच कळायचं नाही. ऊन दुपारी लागतं, पण नऊ इंची विटांची भिंत ते सावकाश पिते आणि सावकाश आत सोडते. सूर्य मावळला, बाहेर जरा बरं वाटायला लागलं, की त्या खोलीत खरा ताप सुरू व्हायचा. दिवेलागणीला मी भिंतीला तळहात लावायची. तापलेल्या इस्त्रीच्या जवळ हात नेल्यासारखं वाटायचं.

"ह्या वणतीत कोणी चूल घातल्यान काय गो?" सासूबाई विचारायच्या. वणत म्हणजे भिंत. मालवण सोडून आयुष्य मुंबईत गेलं, गिरणीच्या चाळीतून मुलुंडला आल्या, तरी त्यांची भाषा बदलली नाही.

त्यांची मुलगी, माझी नणंद, पार्ल्याला राहते. ती दर रविवारी यायची, खोलीत दहा मिनिटं बसायची, पदराने वारा घ्यायची आणि म्हणायची, "वहिनी, हे काही खरं नाही. मे महिन्याआधी मी आईला घेऊन जाते." तिचं चुकत नव्हतं, तिचा पहिला मजला सावलीत आहे. पण सासूबाईंनी तोंड कपाटाकडे वळवलं की समजायचं, उत्तर मिळालं.

"माका खंयच जावचा नाय," त्या मला नंतर म्हणाल्या. "जे काय जाईत ता ह्याच खोलयेत." आणि मग जरा थांबून, "तू काय तरी कर गो."

आता मी काय करणार? पण नेमकी मीच काहीतरी करू शकत होते. मी आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी केली. तो कारखाना एलबीएस रोडला होता. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांच्या गेटवर कारंजं आहे. माझं काम शेड जुळवायचं. गिऱ्हाईक नमुना पाठवणार, मी त्यात पिवळा घाल, काळा घाल, लाल घाल करत डोळ्याला तसाच दिसणारा रंग बनवणार. आणि याच कामात मला पहिल्यांदा कळलं की डोळा अर्धवट आहे. सूर्याकडून जी ऊर्जा येते तिच्यातली निम्मीसुद्धा डोळ्याला दिसत नाही. थोडी जांभळ्याच्या पलीकडची, ती रंगाला आणि कातडीला जाळते. आणि जवळजवळ निम्मी दुसऱ्या टोकाला, लालच्या पलीकडची, ती दिसत नाही, पण भिंतीवर पडली की उष्णताच होते. दोन रंग डोळ्याला जुळे वाटतील, आणि उन्हात एक तापेल, एक कमी तापेल. फरक त्या न दिसणाऱ्या निम्म्यात असतो.

त्याच वर्षी सोसायटीचं बाहेरून रंगवायचं ठरलं. मी स्वतःहून मीटिंगला गेले. एरवी मी मीटिंगला जात नाही, तिथे पार्किंगशिवाय दुसरा विषय नसतो.

रंगाच्या एका विक्रेत्याचा माणूस आला होता. टाय, लॅपटॉप, आणि एक खोका. खोक्यात दोन पत्रे, एक त्यांच्या उष्णता परतवणाऱ्या रंगाचा पांढरा आणि एक काळपट. वर हॅलोजनचा दिवा, खाली दोन थर्मामीटर. दिवा लावला, काटे चढले, आणि थोड्या वेळात दोन पत्र्यांत भरपूर फरक दिसायला लागला. मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली.

"सर, दहा डिग्री," तो म्हणाला. "तुमचं घर दहा डिग्री थंड. यात सिरॅमिकचे पोकळ गोळे आहेत, अवकाशयानाला लावतात ना, तसं. हीट आत येतच नाही. एसी विकून टाका तुम्ही."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

"एक विचारू?" मी म्हटलं. "दहा डिग्री कशाच्या? पत्र्याच्या की खोलीच्या?"

"सेमच मॅडम. भिंत थंड म्हणजे घर थंड."

"सेम नाही. पहिली गोष्ट, तुम्ही तुलना काळ्या पत्र्याशी केलीत. आमची बिल्डिंग काळी नाही, मळक्या क्रीम रंगाची आहे. दुसरी, आमची बिल्डिंग पत्र्याची नाही, विटांची आहे. पत्रा पातळ, त्याला जे वर तेच खाली. भिंतीच्या बाहेरचा फरक आत पोचेपर्यंत फार थोडा उरतो. आणि खोलीत उष्णता काय एकट्या भिंतीतून येते? खिडकीतून येते, गच्चीतून येते, स्वयंपाकघरातून येते. तिसरी, तुमचे ते गोळे. रंगाचा थर वाळल्यावर नखापेक्षाही पातळ असतो. एवढ्याशा थरात कसलं इन्सुलेशन होणार? काम करतंय ते तुमच्या रंगातलं टायटॅनियम. पांढरी पूड. ती ऊन पीत नाही, उलट दिशेला उधळून लावते, दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही. तेवढंच खरं आहे, आणि ते पुरेसं आहे. मग खोटं कशाला बोलता?"

तो हसला. विक्रेत्यांना हसायला शिकवतात. सेक्रेटरी मात्र माझ्याकडे वळले. पन्नाशीचे गृहस्थ, सातव्या मजल्यावर पूर्वेला राहतात, पश्चिमेचं ऊन त्यांनी गेटवरून पाहिलेलं.

"वहिनी, मग तुम्ही सांगा ना. किती फरक पडेल?"

"पश्चिमेची भिंत स्वच्छ पांढरी केली तर बाहेरून ती उन्हात दहाएक अंश कमी तापेल. डार्क रंगाशी तुलना केलीत तर त्याहूनही जास्त. आतून भिंतीला हात लावलात तर दोन-तीन अंश कमी. खोलीची हवा म्हणाल तर दीड-दोन अंश."

"दोन?" कोणीतरी मागून म्हणालं. "बस, दोनच?"

सगळे हसले. दहावर टाळ्या आणि दोनवर हसू. दोन अंश म्हणजे एका म्हातारीला रात्री झोप लागते की नाही यातला फरक असू शकतो, हे मी म्हणायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही, कारण तोवर पांढऱ्याला नाही म्हणण्याची चढाओढ सुरू झाली होती. पांढरा दोन पावसाळ्यांत काळा पडतो, शेवाळाचे ओघळ दिसतात, सरकारी क्वार्टर्ससारखं वाटतं. शेवाळाचं खरं होतं, ते मी नाकारलं नाही. मळलेला पांढरा कमी परतवतो, धुवावा लागतो. पण आमच्या समोर नवा टॉवर झालाय, गडद करडा, काचेचा. सगळ्यांना तसंच व्हायचं होतं.

शेवटी तडजोड झाली. फिका करडा, आणि तो त्या विक्रेत्याच्या कारखान्यात, उष्णता परतवणारा म्हणून बनलेला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, साध्या मराठीत. रंगाच्या दुकानातला काळा म्हणजे मुळात काजळी. काजळी सगळं पिते, दिसणारं आणि न दिसणारं. पण काळा दुसऱ्या रीतीनेही करता येतो. लोखंड आणि क्रोमियमची ऑक्साइडं भट्टीत एकत्र भाजली की एक काळी पूड मिळते, ती डोळ्यापुरती काळी. दिसणारा उजेड पिते आणि न दिसणारा बराचसा परत फेकते. करडा रंग तिने केला तर तो साध्या करड्यापेक्षा कमी तापतो. पांढऱ्याइतका थंड कधीच नाही, हेही ऐका. पण फिका ठेवलात तर आपली भिंत आजच्यापेक्षा वाईट तरी होणार नाही. फक्त एक करा, ड्रम जसा येईल तसा लावा. त्यात वरून कोणी काही घालू नका.

"नोटेड," सेक्रेटरी म्हणाले.

मग परांची बांधली, हिरवी जाळी लागली, आणि आमच्या खोल्यांत पाण्याखाली असल्यासारखा उजेड आला. त्या हिरव्या सावलीत सासूबाईंना जरा बरं वाटलं. "झाड परत इला काय गो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून मोकळी झाले.

मधेच त्यांना छातीत कफ झाला आणि हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मी तिथेच राहिले. आम्ही घरी परतलो तोवर जाळी उतरली होती आणि सगळी बिल्डिंग चकचकीत करडी झाली होती. शेजारीण लिफ्टपाशी म्हणाली, "काकू, काय मस्त दिसते ना! एकदम समोरच्या टॉवरसारखी."

एकदम समोरच्या टॉवरसारखी. हेच मला खुपलं. आम्ही फिका ठरवला होता.

संध्याकाळी सासूबाईंना पलंगावर निजवून मी भिंतीला हात लावला. हात लगेच काढून घेतला. मळक्या क्रीम रंगाच्या वेळी कधी तापली नव्हती एवढी भिंत तापली होती. सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बोलायला त्यांना श्वास पुरत नव्हता.

मी तशीच गच्चीवर गेले. रिकामे ड्रम तिथेच होते आणि त्यांच्याशेजारी काळ्या स्टेनरच्या बाटल्या. स्टेनर म्हणजे रंग गडद करायचं ते घट्ट द्रव्य, स्टेशनरोडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कंत्राटदार तिथेच दोर गुंडाळत होता.

"हे कोणी घातलं?"

"सेक्रेटरीसाहेब बोलले ना काकी. गेटवरून बघितलं सगळ्यांनी, शेड उडाल्यासारखा वाटतो, समोरच्यासारखा उठत नाही. मग जरा डार्क केला. मस्त उठलाय ना?"

"कुठला काळा घातलास?"

"कुठला म्हणजे? काळा तो काळा, काकी."

मी त्याच्यावर ओरडले नाही. त्याचा दोष नव्हता. या धंद्यात शेड साइटवरच जुळवतात. गेटवर चार माणसं उभी करतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात, अजून जरा. आयुष्यभर मीही हेच केलं, लॅबच्या दिव्याखाली. पण तो करडा मुद्दाम महागड्या पुडीने केलेला, तिच्यामुळे भिंत न दिसणारी उष्णता परत फेकणार होती. आणि त्यात काजळी ओतली. काजळी थोडी पुरते. चहात मीठ थोडंच पुरतं तसं. डोळ्याला शेड सुंदर झाला आणि जे काम त्याला दिलं होतं ते पार बुडालं.

मी सेक्रेटरींच्या दारात गेले. चप्पलसुद्धा न घालता.

"तुम्हाला सांगितलं होतं मी. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"वहिनी, आत या, पाणी घ्या. तुम्ही रागावू नका. सगळ्या मेंबरांचं म्हणणं पडलं."

"सगळ्या मेंबरांच्या डोक्याशी ती भिंत नाही. रंग परत लावा. पश्चिमेची तेवढी एक भिंत. पांढरी."

"आता परत परांची? अहो, तुम्हीच तर बोललात, दोन डिग्रीचाच फरक पडतो. दोनसाठी एवढं?"

माझंच खरं बोलणं माझ्या तोंडावर फेकलं. तो टायवाला दहा म्हणाला आणि निघून गेला, त्याला कोणी दहा मागितले नाहीत. मी दोन म्हटले, तर ते दोन द्यायचीही कोणाची तयारी नव्हती. त्या माणसाच्या हॉलमध्ये उभी राहून मला हुंदका आला, आणि रडणं दिसू नये म्हणून मी अजून मोठ्याने ओरडले. काय बोलले ते आठवत नाही. बोलले ते चांगलं नसणार, कारण त्यानंतर बरेच महिने ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत.

मार्चमध्येच मे महिन्यासारखं तापायला लागलं. नणंद आली, भिंतीला हात लावला आणि लगेच आईचे कपडे भरायला लागली. या वेळी मीही अडवलं नाही. सासूबाईंना खुर्चीवरून खाली नेलं तेव्हा त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. बोटं एकेक करून मी सोडवली. माझ्या हाताने सोडवली, म्हणून माझ्या रागाचा बराचसा भाग त्या दिवसापासूनचा आहे.

पार्ल्याला त्यांना थंड खोली मिळाली, खिडकी जिन्यात उघडणारी. मी दिवसाआड जायची. त्या माझ्याशी बोलायच्या, पण जेवायच्या नाहीत. चार घास घेतले की बस. एकदा म्हणाल्या, "हयसर बरा आसा. माका घराक ने."

त्या दिवशी परतताना मी ठरवलं. मी एका ओळखीच्या माणसाला बोलावलं, तो झुल्यावर बसून रंगवतो, गच्चीला दोर बांधून पाटावर बसून खाली उतरतो. मी स्वतः दुकानात जाऊन रंग आणला. साधा, बाहेरच्या भिंतीचा, उत्तम प्रतीचा पांढरा, भरपूर टायटॅनियमचा. त्यावर कूल-बिल काही लिहिलं नव्हतं. पांढऱ्याला वेगळं शहाणं व्हावं लागत नाही. भिंत आधी धुतली, प्राइमर दिला, मग दोन हात. एवढंच सांगितलं होतं की आत खोली जेवढी आहे तेवढंच बाहेर रंगव. शेजारचा आमचाच हॉल त्याच भिंतीला लागून आहे, तो करडाच ठेव. त्याने विचारलं, हॉल का सोडता? म्हटलं, मला मोजायचंय. लॅबमध्ये नमुना बदलला की जुना शेजारी ठेवायचा, ही सवय जात नाही.

खाली लोक जमले. कोणी फोटो काढले. कोणी म्हणालं, पँटला ठिगळ लावल्यासारखं दिसतंय. मी खिडकीतून बघत होते आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला.

दोन्ही खोल्यांत मी भिंतीवर थर्मामीटर टांगले, साधे, काचेच्या नळीचे. संध्याकाळी सातला बघायचे. पंखे सारखे, खिडक्या सारख्या. हॉलपेक्षा खोलीत दोन अंश कमी, कधी थोडे जास्त, ढग असले तर फरक जवळजवळ नाही. चमत्कार झाला नाही. एसीची गोष्ट वेगळी, रंगाने खोलीत थंडी येत नाही, येणारी धग फक्त कमी होते. पण हॉलच्या भिंतीला तळहात टेकवून ठेवता येत नव्हता आणि खोलीच्या भिंतीला येत होता. मी नणंदेला फोन केला.

सासूबाई परतल्या. पलंग पूर्वीच्याच जागी, डोकं भिंतीकडे. दिवेलागणीला त्यांनी हात वर केला आणि मागे न बघता भिंतीला टेकवला. तसाच बराच वेळ ठेवला. मी दारात उभी, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी.

"थंड नाय हां झालेली," त्या म्हणाल्या. "पण भाजणा नाय."

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या कामाबद्दल इतका नेमका रिपोर्ट कोणी दिला नव्हता.

मेमध्ये कमिटीने ठराव केला, चौकोन करडा करायचा. आणि एक दिवस दुपार कलल्यावर मला न सांगता कंत्राटदाराचा माणूस झुला घेऊन गच्चीवर आला. मला शेजारणीने सांगितलं. मी हॉलमधली खुर्ची उचलली, गच्चीच्या दारात टाकली आणि बसले. त्याला म्हटलं, बाबा, तुझ्याशी भांडण नाही, सावलीत बस, पाणी पी. थोड्या वेळाने सेक्रेटरी वर आले.

"वहिनी, हे काय चाललंय? सगळी बिल्डिंग हसते."

"हसू दे. चला खाली."

कोण जाणे कसे, पण ते आले. हॉलमध्ये मी त्यांचा हात धरला, बाईमाणसाने धरू नये तसा मनगटाला धरला, आणि भिंतीला लावला. त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग सासूबाईंच्या खोलीत नेलं आणि पलंगाच्या वर, तिथल्या भिंतीला लावला. तो हात तिथेच राहिला. सासूबाई डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होत्या.

"किती फरक आहे हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "दोनच."

त्यांनी माफी मागितली नाही, ठराव मागे घेतला नाही. "पुढच्या मीटिंगला बघू," म्हणाले आणि खाली गेले. त्या माणसाला झुला घेऊन परत पाठवलं. ते पुढच्या मीटिंगला बघणं अजून चालू आहे.

सासूबाई त्या पावसाळ्यात गेल्या. दम्यानेच गेल्या. रंगाने कोणी वाचत नाही, आणि मी तसं म्हणणार नाही. पण त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, डोकं भिंतीकडे करून गेल्या. उरलेला उन्हाळा त्यांनी तिथेच काढला होता आणि रात्री झोपल्या होत्या.

आता खोलीत कोणी झोपत नाही. पलंग तसाच आहे. चौकोनावर पावसाचे ओघळ येतात, धूळ बसते, आणि मळला की तो कमी ऊन परतवतो. म्हणून दर फेब्रुवारीत मी झुलेवाल्याला बोलावते आणि चौकोन धुऊन घेते. गेल्या वेळी त्याने विचारलं, "काकी, खोली तर रिकामी आहे. आता कशाला?"

मी म्हटलं, "धू. नीट धू. दोनच म्हणून हसणारे सगळे अजून याच बिल्डिंगमध्ये राहतात."